स्फुरद २४ किलो, सुपर फॉस्फेट तीन पोती

माती परीक्षण अहवालाच्या मराठीकरणाविषयी बोलताना मला आधी माझीच एक चूक सांगितली पाहिजे. एका इंग्रजी अहवालातील शिफारस मी ‘नत्र १२०, स्फुरद ६०, पालाश ४० किलो प्रति हेक्टर’ अशी उतरवली. शब्द अचूक होते, आकडेही बरोबर होते. अहवाल नेणाऱ्या शेतकऱ्यांनी हिशेबही नीट केला: हेक्टरचे अडीच एकर, म्हणजे एकरी स्फुरद २४ किलो. त्यांनी सिंगल सुपर फॉस्फेटचे पोते फोडले, तागडीवर २४ किलो मोजले आणि एकरभर पेरले. या खतात स्फुरद १६ टक्के असते, त्यामुळे जमिनीला चार किलोही मिळाले नाही. पुढच्या भेटीत ते म्हणाले, “साहेब, तुम्ही लिहिलं तेवढंच घातलं.” त्यांचे म्हणणे खरे होते. मी अन्नद्रव्याचे नाव लिहिले होते, आणि दुकानात मिळते ते खत.

तेव्हापासून माझा आग्रह आहे की मराठी अहवालात अन्नद्रव्याच्या आकड्यासमोर खताचे वजन आलेच पाहिजे. याच शिफारशीचे एकराला नत्र ४८, स्फुरद २४ आणि पालाश १६ किलो होतात. २४ ला ०.१६ ने भागले की सुपर फॉस्फेट १५० किलो, म्हणजे पन्नास किलोची तीन पोती. युरियात नत्र ४६ टक्के, म्हणून तो सुमारे १०४ किलो. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये पालाश ६० टक्के, म्हणून ते सुमारे २७ किलो. सुपरऐवजी डीएपी घेतले, तर ५२ किलोंतून स्फुरद पुरते आणि सोबत नऊ किलोंहून थोडे अधिक नत्रही येते. तेव्हा युरिया ८४ किलोंवर आणला पाहिजे. ही दुसरी ओळ अहवालात नसली, की नत्र दोनदा पडते.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे. जाहीर केलेला विषय मात्र पोषक मूल्यांच्या भाषांतराचा होता, म्हणून एकच मुद्दा सांगतो. अहवालात नुसता फॉस्फरस म्हणजे ‘P’ असो वा त्याचे ऑक्साइड ‘P₂O₅’, आपण दोन्हींना स्फुरदच म्हणतो. पण एक किलो P म्हणजे २.२९ किलो P₂O₅. सर्वसाधारण वर्गवारीत हेक्टरी १० ते २५ किलो P मध्यम धरतात. मग ‘उपलब्ध स्फुरद २०’ हा आकडा P चा असेल तर जमीन मध्यम, आणि P₂O₅ चा असेल तर ते जेमतेम पावणेनऊ किलो P, म्हणजे जमीन कमी स्फुरदाची. दोन्हींचा खताचा सल्ला वेगळा. अहवालावर रूप दिलेले नसेल, तर अनुवादकाने अंदाज न बांधता प्रयोगशाळेला विचारावे आणि उत्तर येईपर्यंत ‘कमी’ किंवा ‘मध्यम’ हा शेरा लिहू नये.