तीन दिवसांचं औषध : पीईजी पावडर कशी घ्यावी

(ज्येष्ठ नागरिकांच्या एका मेळाव्यात पोटविकारतज्ज्ञांनी दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, बद्धकोष्ठतेवर बोलायला सांगितलं की लोकांना पालेभाज्या, पाणी आणि पहाटेचं फिरणं यांवर भाषण ऐकायची तयारी असते. ते सगळं तुम्ही ऐकलेलं आहे, आणि इथल्या निम्म्या लोकांनी करूनही पाहिलं असेल. मी आज फक्त एका पावडरीबद्दल बोलणार आहे. पॉलिएथिलीन ग्लायकॉल ३३५०. औषधाच्या दुकानात तिला पीईजी म्हणतात. जुनाट बद्धकोष्ठतेवर डॉक्टर आज बहुतेक वेळा आधी हीच देतात, आणि तरीही माझ्याकडे दर आठवड्याला कुणीतरी येऊन सांगतं, "डॉक्टर, ते पांढरं औषध मला लागूच पडत नाही." किंवा, "मला सोसत नाही."

बहुतेकांच्या बाबतीत औषधात खोट नसते, अपेक्षेत असते. आपल्याकडे पोट साफ करायचं म्हणजे रात्री चूर्ण आणि सकाळी मोकळं. सोनामुखीचं चूर्ण आतड्याच्या स्नायूंना डिवचतं, त्यामुळे सहा ते बारा तासांत परिणाम दिसतो. पीईजी काही डिवचत नाही. तिचे रेणू मोठे असतात. ते आतड्यातून रक्तात जवळजवळ शिरत नाहीत आणि आतड्यातले जीवाणूही त्यांना फोडू शकत नाहीत. पेल्यातलं पाणी धरून ठेवत ते मोठ्या आतड्यापर्यंत जातात आणि मळ ओला ठेवतात. एवढंच काम. पण वरून खालपर्यंतचा हा प्रवास होण्यात एक ते तीन दिवस जातात, कधी चार. म्हणजे आज घेतलेल्या पेल्याचा निकाल आज रात्री नाही, परवा लागतो. पुढचं सगळं व्याख्यान या एका वाक्यावर उभं आहे.

आधी मिसळण्याचं बघू, कारण तिथेच पहिला घोळ होतो. मोठ्यांचा नेहमीचा डोस १७ ग्रॅम, दिवसातून एकदा. आपल्याकडे बहुधा १७ ग्रॅमची पुडी मिळते. ज्यांची मुलगी अमेरिकेतून डबा पाठवते त्यांच्या डब्याच्या झाकणात आतून खूण असते. त्या खुणेपर्यंत भरलं की १७ ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या चमच्याने मोजू नका, एकाचा चमचा दुसऱ्याच्या दीडपट असतो. काही पुड्यांमध्ये पीईजीबरोबर क्षारही असतात आणि पीईजी साधारण १३ ग्रॅम असते; त्यांचं पाणी आणि प्रमाण वेगळं, ते पुडीवर वाचून घ्या. आणि एक गोष्ट नीट ऐका. कोलोनोस्कोपीच्या आधी आतडं धुऊन काढायचं म्हणून एक मोठं पाकीट मिळतं. त्यात सुमारे १३७ ग्रॅम पावडर असते आणि ती दोन लिटर पाण्यात मिसळायची असते. तेही पीईजीच. दुकानदाराने चिठ्ठीवर नुसतं 'पीईजी' वाचून ते हातात दिलं आणि घरी कुणी ते रोजचं औषध म्हणून प्यायलं, तर दिवसभर संडासातून बाहेर येणं कठीण. पाकिटावरचे ग्रॅम वाचल्याशिवाय दुकान सोडायचं नाही.

पुडी पेल्यात टाका, वर १२० ते २४० मिलिलिटर पाणी घाला, म्हणजे घरातला एक साधारण पेला. ढवळत राहा, मिनिटभर तरी. पाणी पुन्हा स्वच्छ दिसलं आणि तळाशी काही उरलं नाही की झालं. थंडगार पाण्यात वेळ लागतो, कोमट पाण्यात पटकन विरघळते. चहा, लिंबू सरबत, पातळ ताक, काहीही चालतं. साध्या पावडरीला चव जवळपास नाहीच. फ्लेवरवाली पुडी असेल तर मधुमेहींनी त्यात साखर आहे का ते पाहावं. विरघळलं की पिऊन टाका. दिवसभर घोट घोट घेण्याची गरज नाही, आणि रात्रीच घ्यायला हवं असंही नाही. रोज आठवणीने घेता येईल अशी एक वेळ धरा. इसबगोलासारखं हे फुगून घट्ट होत नाही, त्यामुळे घाईने प्यायची धावपळही नाही.

आता डोस कमीजास्त करण्याबद्दल. इथे मी एका बाईंचा अनुभव सांगतो, ओळख पटेल असे तपशील बदलून. वय छासष्ट, निवृत्त शिक्षिका. कित्येक वर्षं तीन दिवसांतून एकदा शौचाला होणार, तेही बकरीच्या लेंड्यांसारखे खडे, कुंथून कुंथून. एक दिवसाआड सोनामुखी चालू. त्यांना कुणीतरी पीईजी दिली. पहिल्या दिवशी एक पेला, काही नाही. दुसऱ्या दिवशी एक पेला, काही नाही. तिसऱ्या दिवशी धीर सुटला. सकाळ-संध्याकाळ दोन पेले, वर रात्री चूर्ण. चौथ्या दिवशी सहा वेळा पातळ. त्यांनी औषध बंद केलं आणि नोंद करून टाकली, "सोसत नाही."

खरं काय झालं? पहिल्या पेल्याचं काम तिसऱ्या दिवशी सुरू होणारच होतं. त्यात तिसऱ्या दिवसाचे दोन पेले आणि चूर्ण मागून येऊन मिळाले. दोष पावडरीचा नव्हता, डोस तीन दिवस आधीच्या अवस्थेवर ठरवला गेला होता.

आम्ही नव्याने सुरुवात केली. चूर्ण बंद, मात्र चार दिवस काहीच झालं नाही तर वापरायला एक अडीनडीचा उपाय लिहून दिला. नाश्त्यानंतर एक पेला, १७ ग्रॅम. कॅलेंडरवर रोज दोनच नोंदी: झालं की नाही, आणि खडा, मऊ की पातळ. नियम एकच, तीन पूर्ण दिवस तोच डोस घेतल्याशिवाय काही बदलायचं नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एकदा झालं, सुरुवातीला खडा. असं होणारच, आत साठलेला जुना मळ आधी बाहेर यायचा असतो, त्याला पावडर भिजवू शकत नाही. पहिला आठवडा एक दिवसाआड, पोटात गुडगुड आणि थोडे वारे. मग एक पेल्याला संध्याकाळी अर्धा जोडला. चार दिवसांनी रोज होऊ लागलं, पण एका दिवशी दोनदा पातळ. तेव्हा तो अर्धा पेला एक दिवसाआड केला. तिसऱ्या आठवड्यात रोज एकदा, मऊ, गुळगुळीत, न कुंथता. आम्हाला हेच हवं असतं. दररोज झालंच पाहिजे असा हट्ट मात्र नाही; एक दिवसाआड मऊ होत असेल तरी तो डोस बरोबर आहे.

पुडीवरचा डोस दिवसाला १७ ग्रॅमच आहे. त्याच्या वर जायचं ते डॉक्टरांच्या सांगण्यावरून. कमी करायला मात्र तुम्ही मोकळे आहात. अर्धी पुडी अंदाजाने ओतू नका. पूर्ण पुडी एक पेला साध्या पाण्यात विरघळवा, अर्धा पेला प्या, उरलेलं झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि दुसऱ्या दिवशी प्या. चोवीस तासांपलीकडे नाही. पातळ होत असेल तर एक दिवस सोडा आणि मग अर्ध्यावर या. पूर्ण बंद करून पुन्हा पूर्णावर उडी मारली की तोच झोका सुरू होतो.

मग किती दिवस? चार दिवसांत पहिली हालचाल, दोन आठवड्यांत अंदाज, चार आठवड्यांत निर्णय. योग्य डोस घेऊनही महिन्याभरात फरक नसेल तर पेले वाढवत बसू नका. काहींचा मळ मऊ होतो, पण बाहेर येत नाही. शौचाच्या वेळी खालचे स्नायू सैल होण्याऐवजी आवळतात. पाणी कितीही आत टाकलं तरी दार उघडत नाही. त्यावर वेगळी तपासणी आणि स्नायूंचं प्रशिक्षण लागतं. थायरॉइड, लोहाच्या गोळ्या, ट्रामाडॉलसारख्या दुखण्याच्या गोळ्या, हीही कारणं शोधावी लागतात.

सवय लागते का, हा प्रश्न मला येणारच आहे. पीईजीने आतडं आळशी होतं असं दिसलेलं नाही. २००७ मध्ये अमेरिकेत सुमारे तीनशे रुग्णांवर सहा महिन्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज १७ ग्रॅम घेणाऱ्यांपैकी ५२ टक्के बरे राहिले, खोटी पावडर घेणाऱ्यांपैकी ११ टक्के. अमेरिकेतल्या डब्यावर 'सात दिवसांहून जास्त नको' लिहिलेलं असतं, ते चिठ्ठीशिवाय घेणाऱ्यांसाठी. डॉक्टरांच्या नजरेखाली महिनोनमहिने देतात. बंद केल्यावर त्रास परत येतो हे मात्र खरं. ते व्यसन नव्हे, मूळ दुखणं तसंच आहे. आमच्या बाईंनी दोन महिन्यांनी संध्याकाळचा पेला सोडला, मग सकाळचा अर्ध्यावर आणला. अर्ध्यावर खडे परत आले, तेव्हा पुन्हा पूर्ण पेल्यावर थांबल्या. अजूनही त्या तिथेच आहेत आणि त्यांना त्याचं काही वाटत नाही.

हो, व्हॉट्सॲपवर फिरतं तेही सांगतो. गाडीच्या कूलंटमध्ये असतं ते एथिलीन ग्लायकॉल, ते विषारी आहे. ही पावडर वेगळी.

कुणी हे घेऊच नये? पोट फुगलंय, ओकाऱ्या होतायत, वाराही सुटत नाही, अशा वेळी पेला बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा. आतडं अडकलेलं असू शकतं. शौचातून रक्त, वजन घटणं, रक्त कमी होणं, किंवा पन्नाशीनंतर अचानक सुरू झालेली बद्धकोष्ठता असेल तर आधी तपासणी. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारून. आणि एक फसवं चित्र: अंथरुणाला खिळलेल्या माणसाला आठवडाभर नीट झालेलं नाही, पण थोडं थोडं पाण्यासारखं कपड्याला लागतंय. घरचे म्हणतात जुलाब आहेत, पावडर बंद करा. प्रत्यक्षात खाली मळाचा गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पाणी झिरपत असतं. तिथे रोजचा पेला पुरत नाही, डॉक्टरांनी हाताने तपासून मोकळं करावं लागतं.

(श्रोत्यांतून प्रश्न : पक्षाघातानंतर वडिलांना पाणी घट्ट करून पाजावं लागतं. त्यात मिसळू का?)

बरं झालं विचारलंत. तुमची घट्ट करायची पावडर स्टार्चची असेल तर पीईजी मिसळल्यावर ते पाणी पुन्हा पातळ होतं. वरून लक्षातही येत नाही, आणि पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. डबा पाहा. स्टार्चऐवजी झँथन गमचा घट्टकारक असेल तर हा त्रास सहसा नसतो, पण मिसळून बघूनच द्या आणि आधी त्यांच्या डॉक्टरांना किंवा गिळण्याचे व्यायाम घेणाऱ्या थेरपिस्टना विचारा.