पहाटे साडेपाचचं बक्षीस: गेमचं नोटिफिकेशन नेमकं कधी पाठवायचं?

नमस्कार मंडळी! आज मी माझ्याच गेममधली एक चूक तुम्हाला उलगडून दाखवणार आहे. मोबाइल गेम बनवणारे आपल्यातले बरेच जण ती चूक करतात, आणि ती झाल्याचं पुष्कळ दिवस कळतही नाही.

आमचं घर परळला, दीड खोलीचं. बाबा रात्रपाळी करून येतात आणि जरा कुठे डोळा लागतो. एके दिवशी पहाटे बरोबर साडेपाचला आईच्या उशीखालचा फोन वाजला. 'तुमचं आजचं बक्षीस तयार आहे!' ते माझ्याच शब्दकोड्याच्या गेमचं नोटिफिकेशन होतं. दुसऱ्या दिवशीही पहाटे साडेपाचलाच फोन वाजला. तिसऱ्या दिवशी आईने ते नोटिफिकेशन दाबून धरलं, समोर आलेलं बटण बंद केलं आणि फोन पुन्हा उशीखाली ठेवला. गेम तिने काढला नाही. दुपारी जेवण झालं की ती आजही खेळते.

साडेपाचच का? माझ्या सर्व्हरचं घड्याळ युटीसीवर चालत होतं. तिथे रात्रीचे १२ वाजले की आपल्याकडे पहाटेचे ५:३० होतात. दिवस बदलला, बक्षीस नवं झालं आणि त्याच क्षणी सगळ्यांना संदेश गेला.

म्हणजे इथे दोन वेगळे प्रश्न आहेत: खेळाडूचा 'दिवस' कधी बदलतो, आणि त्याला हाक कधी मारायची. मी दोन्हींची एकच मोट बांधली होती.

आधी दिवसाचं बघू. तुम्ही म्हणाल, सोपं आहे, भारतातले रात्री १२ धरा. मग हा खेळाडू बघा. दादरच्या एका हॉटेलात तो काम करतो आणि रात्री उशिराच्या लोकलने डोंबिवलीला जाताना खेळतो. सोमवारी तो ११:५० ला खेळला. मंगळवारी हॉटेल आवरायला उशीर झाला, त्यामुळे गेम उघडला तेव्हा १२:१० झाले होते. त्याच्या लेखी ती मंगळवारची रात्रच आहे, पण तुमच्या गेमच्या लेखी बुधवार उजाडलाय. मंगळवार कोरा राहिला, २३ दिवसांची सलग साखळी तुटली. एकही रात्र न चुकवता! तो चिडला तर त्याचं काय चुकलं?

काही जण यावर 'शेवटचं बक्षीस घेतल्यापासून २४ तास' असा नियम लावतात. तोही फसतो. आज ९:०० ला घेतलं, उद्या गाडीत ९:१० ला आठवलं, परवा ९:२५ ला. वेळ रोज पुढेच सरकते, मागे कधीच येत नाही. आठवड्याभरात बक्षीस तयार होण्याच्या आत त्याचं स्टेशन येतं.

मी आता दिवस पहाटे ४ वाजता बदलतो. मुंबईत हे पटकन पटतं, कारण लोकलचा दिवसही असाच असतो. मध्यरात्रीनंतर शेवटची गाडी जाते आणि पहाटे चारच्या सुमारास पहिली सुटते. मधल्या वेळात खेळणारे सगळ्यात कमी असतात. हिशोब एका ओळीचा आहे:

```
rewardDay = floor((serverUtc + 19800 - 14400) / 86400)
```

सगळं सेकंदांत आहे. १९८०० म्हणजे साडेपाच तास, ते मिळवून भारताची वेळ येते. १४४०० म्हणजे चार तास, ते वजा केले की दिवसाची सीमा पहाटे चारवर सरकते. वेळ मात्र सर्व्हरकडूनच घ्या. फोनच्या घड्याळावर विसंबलात तर तारीख पुढे ढकलून महिन्याभराची बक्षिसं एका बैठकीत उपसली जातात.

आणि साखळीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: ती तोडू नका. माझ्या गेममध्ये सात घरांचं कार्ड आहे. आलात की एक घर भरतं. नाही आलात तर कार्ड जिथे होतं तिथेच थांबतं. गावी गणपतीला गेलेला माणूस परत आला की पाचव्या घरापासून पुढे खेळतो. शून्यावर आणलेला माणूस बहुतेक वेळा तिथेच गेम सोडतो.

आता हाक मारण्याकडे येऊ. आईच्या फोनमध्ये नेमकं काय झालं? अँड्रॉइड ८ पासून प्रत्येक नोटिफिकेशन एका चॅनेलमधून जातं. वापरणाऱ्याने चॅनेल बंद केला की ॲपला तो स्वतःहून चालू करता येत नाही. माझा सगळ्यासाठी एकच चॅनेल होता. त्यामुळे बक्षिसाबरोबर नव्या कोड्यांची खबरही बंद झाली. आणि मला ते दिसलंच नाही, कारण मी फक्त `areNotificationsEnabled()` तपासत होतो. ते पूर्ण ॲपबद्दल सांगतं, त्यामुळे एखादा चॅनेल बंद असला तरी उत्तर 'चालू'च येतं. चॅनेलचं `getImportance()` वाचा. ते `IMPORTANCE_NONE` आलं तर समजा, त्या माणसाने तुम्हाला गप्प केलंय. गेम काढणाऱ्यांच्या आकड्याआधी असं गप्प करणाऱ्यांचा आकडा हलतो, म्हणून मी रोज तोच बघतो. बक्षिसाचा चॅनेलही आता वेगळा केलाय.

वेळ ठरवताना मी सरासरी काढत नाही. सकाळी ८ आणि रात्री १० ला खेळणाऱ्याची सरासरी दुपारी ३ येते, आणि तेव्हा तो कामात असतो. ज्या तासात तो सर्वाधिक वेळा गेम उघडतो तो तास घ्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, नोटिफिकेशन त्या वेळेच्या आधी ठेवू नका, नंतर ठेवा. आई दीडला खेळते, म्हणून तिचं सव्वादोनला लावलेलं असतं. तिने दीडला गेम उघडला की ते रद्द होतं. म्हणजे जो स्वतःहून येतो त्याला आमचा आवाज ऐकूच येत नाही.

गेम उघडला की जुनी सगळी नोटिफिकेशन्स रद्द करायची आणि नवी तीन लावायची: उद्याचं, तिसऱ्या दिवसाचं, सातव्या दिवसाचं. त्यानंतर गप्प. रात्री साडेनऊ ते सकाळी नऊ काहीच नाही. मग आपला हॉटेलवाला? तो एखाद्या रात्री आला नाही, तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आठवण जाते. हे सगळं फोनमध्येच लावता येतं. फक्त फोन बंद करून चालू केला की लावलेले अलार्म पुसले जातात, ते पुन्हा लावण्याची सोय करा. युनिटीच्या नोटिफिकेशन पॅकेजमध्ये `Reschedule on Device Restart` हा पर्याय त्यासाठीच आहे.

परवानगीचं थोडक्यात सांगतो. अँड्रॉइड १३ पासून ती मागावी लागते, आणि दोनदा नकार मिळाला की ती खिडकी पुन्हा येत नाही. पहिल्यांदा गेम उघडताच विचारू नका. कार्डावरचं पहिलं घर भरल्यावर विचारा. तोवर आठवण कशाची येणार हे समोरच्याला कळलेलं असतं.

शेवटी, उपयोग होतोय की नाही हे कसं ओळखायचं? दर दहा खेळाडूंमागे एकाला बक्षिसाचं नोटिफिकेशन पाठवूच नका आणि सातव्या दिवशी दोन्ही गटांतले किती टक्के परत आले ते बघा. आकडे सारखेच असतील, तर तुमची नोटिफिकेशन्स आपणहून येणाऱ्यांनाच त्रास देतायत. आले असले तरी किती वेळ थांबले तेही बघा. माझ्याकडे बरेच जण बक्षीस घेऊन वीस सेकंदांत निघून जायचे. बक्षिसात ५०० नाणी होती, आणि दिवसभर खेळून मिळायची ४००. मग खेळेल कोण? आता मी नाणी देत नाही, एक अक्षर उघडून देणारा इशारा देतो. तो वापरायचा तर कोडं उघडावंच लागतं.