पंधरा वर्षं झाली म्हणजे गाडी भंगार होते का?

हॉलच्या बाहेर पार्किंगमध्ये येताना मी बघितलं, निम्म्याहून जास्त गाड्या दहा वर्षांच्या पुढच्या आहेत, म्हणजे आज श्रोते बरोबर जमलेत. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच, "साहेब, पंधरा वर्षं झाली, आता गाडी काढावीच लागणार ना?" आणि विचारणाऱ्याच्या डोक्यात दिल्लीची बातमी असते. तर आधी तेच मोकळं करून टाकू.

दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने 2014 आणि 2015 मध्ये आदेश दिले की 15 वर्षांवरची पेट्रोल गाडी आणि 10 वर्षांवरची डिझेल गाडी एनसीआरमध्ये चालवायची नाही, आणि 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उचलून धरलं. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये कोर्ट म्हणालं की नुसत्या वयावरून कारवाई करू नका, आणि डिसेंबरमध्ये त्यात बदल करून सांगितलं की हे संरक्षण बीएस ४, म्हणजे धुरावरच्या मर्यादेचा भारत स्टेज ४ हा नॉर्म, आणि त्याच्या पुढच्या गाड्यांनाच, बीएस ३ आणि त्याखालच्यांना नाही. हे लक्षात ठेवा, कारण इथेच खरी गोम आहे. गोष्ट वयावरून नॉर्मवर सरकली.

आपल्याकडे पुण्या-मुंबईत खाजगी गाडीला असा वयाचा सरसकट बंदी-नियम नाही. टॅक्सीला आहे. मुंबईची काळी-पिवळी 20 वर्षांनंतर रस्त्यावर राहत नाही, म्हणूनच 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत रजिस्टर झालेली शेवटची पद्मिनी ऑक्टोबर 2023 अखेर गेली, तेव्हा लोकांनी किती फोटो टाकले होते आठवतंय ना. पण तुमच्या घरच्या गाडीचं रजिस्ट्रेशन 15 वर्षांचं असतं आणि ते संपलं की पाच पाच वर्षांनी रिन्यू करायचं असतं, गाडी फिट असेल तर. संपतं ते रजिस्ट्रेशन, गाडी नाही संपत. (सरकारी गाड्यांचं वेगळं आहे, 1 एप्रिल 2023 पासून 15 वर्षांवरच्या सरकारी गाडीचं रिन्यूअलच होत नाही.)

आता नॉर्म. बीएस ३ आणि बीएस ४ सगळीकडे एकाच दिवशी आलेलं नाही. पुण्या-मुंबईत चारचाकीला बीएस ४ एप्रिल 2010 पासून लागलं, आणि गंमत म्हणजे त्या पहिल्या तेरा शहरांच्या यादीत आपलं सोलापूरही होतं. बाकी महाराष्ट्रात मात्र बहुतेक ठिकाणी थेट 2017 पर्यंत बीएस ३ गाडी विकता येत होती. म्हणजे 2012 ला साताऱ्यात घेतलेली गाडी बीएस ३ असू शकते आणि त्याच वर्षी पुण्यात घेतलेली तीच गाडी बीएस ४. वय एक, नियम दोन. मग तुम्ही साताऱ्याची सेकंडहँड गाडी पुण्यात आणता आणि पीयूसी सहाच महिन्यांची मिळाली म्हणून पीयूसीवाल्याशी भांडता. तो बिचारा बरोबर असतो, बीएस ४ च्या आधीच्या गाडीला सहा महिने आणि बीएस ४ पासून पुढे एक वर्ष, हा नियमच आहे. म्हणून जुनी गाडी घेताना आरसीवर एमिशन नॉर्मची नोंद बघा, मॉडेलचं वर्ष बघून अंदाज लावू नका.

आणि पीयूसीत नेमकं काय मोजतात हे किती जणांनी कधी बघितलंय? प्रमाणपत्र हातात आलं की आपण थेट तारीख बघतो आणि डॅशबोर्डात टाकतो. पेट्रोल गाडीचं इंजिन न्यूट्रलमध्ये नुसतं चालू ठेवून सायलेन्सरमध्ये नळी घालतात आणि दोन आकडे घेतात, कार्बन मोनॉक्साइड टक्क्यांत आणि हायड्रोकार्बन पीपीएममध्ये. बीएस २ आणि बीएस ३ च्या पेट्रोल कारला मर्यादा आहे 0.5 टक्के आणि 750 पीपीएम. बीएस ४ ला 0.3 टक्के आणि 200. आणि त्याहून जुनी, म्हणजे कार्बोरेटरवाली मारुती आठशे वगैरे असेल, तर 3 टक्के आणि 1500 पीपीएम. बघा म्हणजे किती ढील आहे जुन्याला. शिवाय यात नायट्रोजन ऑक्साइड मोजतच नाहीत, म्हणजे पीयूसी पास झाली याचा अर्थ गाडी स्वच्छ आहे असा नाही, एवढाच की आयडलिंगला ती या दोन आकड्यांत बसते.

एक उदाहरण सविस्तर सांगतो, म्हणजे हे आकडे डोक्यात बसतील. आमच्या ओळखीतल्या एका काकांची 2009 ची पेट्रोल हॅचबॅक, पुणे पासिंग, बीएस ३. गाडी पीयूसीला नेली, कार्बन मोनॉक्साइड आला 1.8 टक्के, हायड्रोकार्बन 310. म्हणजे हायड्रोकार्बन आरामात पास, पहिला आकडा मर्यादेच्या साडेतीन पटीहून जास्त. गॅरेजवाला म्हणाला सायलेन्सरच्या लाइनमधलं धूर स्वच्छ करणारं कॅटॅलिटिक कन्व्हर्टर गेलं, नवीन टाका. आता तो पार्ट महाग, म्हणून काका माझ्याकडे आले. मी म्हटलं थांबा, आधी आकडे काय सांगतायत ते ऐकू. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी, मिश्रण रिच चाललंय. हायड्रोकार्बन जर हजाराच्या पुढे असता आणि पहिला आकडा नॉर्मल, तर मी प्लग, प्लगची वायर, मिसफायर बघितलं असतं, कारण तेव्हा पेट्रोल न जळताच बाहेर पडत असतं. इथे तसं नव्हतं.

मग मी त्यांना घेऊन अर्धा तास गाडी फिरवली आणि टेंपरेचरचा काटा बघत बसलो. काटा मध्यापर्यंत येतच नव्हता, खालीच घुटमळत होता, आणि काका अभिमानाने म्हणाले, "माझी गाडी कधी गरमच होत नाही." तिथेच सापडलं. थर्मोस्टॅट उघडाच अडकून बसला होता. पाणी सतत रेडिएटरमधून फिरतंय, इंजिन कोमटच राहतंय, आणि कॉम्प्युटरला वाटतंय की गाडी अजून थंड आहे, म्हणून तो जास्त पेट्रोल सोडत बसलाय, थंडीत चोक ओढून ठेवल्यासारखं. थर्मोस्टॅट बदलला, कूलंट भरलं, गाडी नीट गरम करून परत टेस्ट केली, 0.2 टक्के. कन्व्हर्टर तोच, जुना. ॲव्हरेजही सुधारलं. अर्थात दर वेळी थर्मोस्टॅटच निघेल असं नाही, ऑक्सिजन सेन्सर असू शकतो, तुंबलेला एअर फिल्टर असू शकतो, आणि कन्व्हर्टरही खरंच जातो, पण तो शेवटी तपासायचा, पहिला नाही. रिच मिश्रणाने कन्व्हर्टर खराब झाला असेल आणि तुम्ही मूळ कारण तसंच ठेवून नवीन टाकलात तर तोही जाणार.

थंड गाडी पीयूसीला नेऊ नका हे त्यातून आलंच. सोसायटीच्या गेटबाहेरच सेंटर आहे म्हणून तिथे जाऊन लगेच नळी घालायची आणि नापास झालं की चिडायचं, असं करू नका. कन्व्हर्टर तापल्याशिवाय काम करत नाही.

आता उलट बाजू, खोटं पास होणं. मशीनच्या स्क्रीनवर बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइडही दिसतो, तो बघा. नीट चालणाऱ्या पेट्रोल इंजिनच्या धुरात तो साधारण 14-15 टक्के असतो. स्क्रीनवर जर 5-6 टक्केच दिसत असेल तर नळी अर्धवट आत आहे किंवा सायलेन्सरला भोक आहे, बाहेरची हवा मिसळतेय, आणि मग कार्बन मोनॉक्साइडही तेवढाच पातळ होऊन कमी दिसणार. असा पास झालेला आकडा तुमच्या गाडीचा नाहीच, हवेचा आहे. आणि कार्बोरेटरवाल्यांची जुनी युक्ती तर सगळ्यांना माहितीय, पीयूसीपुरतं मिक्श्चर स्क्रू आवळून मिश्रण पातळ करायचं आणि बाहेर आलं की परत सोडायचं. मी तसं करायला कुणाला सांगणार नाही, कारण पुढच्या वेळेपर्यंत गाडी धुरातच चालते आणि पेट्रोलचे पैसे तुमचेच जातात.

डिझेलचं वेगळं. तिथे न्यूट्रलमध्ये ॲक्सिलरेटर एकदम पूर्ण दाबतात, इंजिन अगदी वरपर्यंत ओढतात, आणि धूर किती काळा ते मोजतात. के व्हॅल्यू म्हणतात, बीएस ४ च्या आधीच्या गाडीला 2.45 आणि बीएस ४ ला 1.62. जाण्याआधी एअर फिल्टर, ऑइल आणि टायमिंग बेल्ट बघून घ्या. बेल्ट बदलायची मुदत उलटून गेलेली असेल तर त्या फुल रेसमध्ये तो तुटला तर पीयूसी राहू द्या, इंजिनच उघडावं लागेल.

फी किरकोळच आहे, दुचाकीला 50, पेट्रोल कारला 125, डिझेलला 150. नसेल तर मात्र कायद्यात दंड 10,000 पर्यंत आणि तीन महिने तुरुंगापर्यंत तरतूद आहे. आणि आता सगळं सरकारच्या 'वाहन' डेटाबेसला जोडलेलं आहे, फोटो नंबर प्लेटचा, क्यूआर कोड, त्यामुळे गाडी न नेता प्रमाणपत्र काढून देतो म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

आता शेवटचं, 15 वर्षांचं रिन्यूअल. काकांची गाडी 2009 ची, त्यांनी 2024 मध्ये केलं. फॉर्म 25, विमा, चालू पीयूसी, पर्यावरण कर, आणि कारची फी 5,000. मग गाडी आरटीओत दाखवायची. तिथे लोक अडकतात ते इंजिनवर नाही, चेसिस नंबरवर. गंजून वाचता येत नाही. म्हणून आधीच घरी पुसून, पेन्सिल घासून छाप येतो का बघा. आणि कर्ज फिटलं तरी आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं बऱ्याच जणांचं, ते आधी काढून घ्या. उशीर झाला तर कारला महिन्याला 500 आणि दुचाकीला 300 वाढत जातात. अर्ज मुदत संपायच्या आधी 60 दिवसांपासून करता येतो, त्याआधी गेलात तर परत पाठवतील. आणि ऑगस्ट 2025 पासून 20 वर्षांवरच्या गाडीच्या रिन्यूअलची फी दुप्पट झाली, कारला 10,000 आणि दुचाकीला 2,000. म्हणजे काकांना 2029 मध्ये परत जायचंय तेव्हा ते याच खात्यात येणार, आणि मी त्यांना आत्ताच सांगून ठेवलंय की त्या वर्षी फी बघण्याआधी फ्लोअरचा गंज बघा, 10,000 भरून मग खालून पत्रा निघाला तर काय उपयोग.

कुणीतरी दिल्लीची स्वस्त गाडी विचारलं होतं चिठ्ठीत. तिकडून एनओसी घेऊन आलेली गाडी इथे चालते, पण आरसीवर नॉर्म बघा, तिथलं एनओसी इथल्या आरटीओच्याच नावाचं आहे का बघा, आणि इथला टॅक्स भरायचा आहे हे धरून भाव करा.

आता विचारा, कोणाची डिझेल आहे इथे?