सात वाजताचं फाटक

नमस्कार, श्रोतेहो. शाळेच्या वसतिगृहात शिरलं की भिंतीवर नियमांचा फलक दिसतो, आणि त्यातला एक नियम बहुतेक ठिकाणी असतोच: 'सायंकाळी ७ नंतर प्रवेश मिळणार नाही.' आज एवढा एकच नियम नव्याने लिहून पाहू.

सुट्टीवरून परतणाऱ्या सातवीतल्या मुलीची एसटी वाटेत बंद पडली आणि ती आठला पोचली. नियम शब्दशः पाळायचा तर तिने अंधारात रस्त्यावर उभं राहायचं. म्हणजे मुली सुरक्षित राहाव्यात म्हणून केलेल्या नियमानेच ती उघड्यावर पडते. गृहपालबाई अर्थातच दार उघडतात, पण मग नियम त्यांनीच मोडलेला असतो.

तोच नियम असा लिहिता येईल: 'सात वाजता हजेरी होते. कोणी वाटेत अडकलं आहे का, आणि स्वयंपाक किती जणींचा करायचा, हे त्यावरून कळतं. उशीर होणार असेल तर वसतिगृहाच्या फोनवर कळवा. कळवता आलं नाही तरी फाटक उघडेल आणि जेवण मिळेल. नोंदवहीत वेळ आणि कारण लिहा. महिन्यात तिसऱ्यांदा न कळवता उशीर झाला, तर पालकांना बोलावून बोलू.'

जेवणाचं वाक्य मुद्दाम घातलं आहे. 'उशिरा आलीस, आता उपाशी झोप' ही शिक्षा कुठल्याच वहीत लिहिलेली नसते, पण ती दिली जाते. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई केली आहे.

आता गृहपालांची बाजू. त्याच नियमाखाली लिहावं: 'साडेसातपर्यंत मुलगी आली नाही, तर गृहपाल आधी पालकांना, मग मुख्याध्यापकांना फोन करतील आणि वेळ नोंदवतील. गृहपालांच्या साप्ताहिक सुट्टीला जबाबदारी कोणाकडे, त्यांचं नाव फलकावर असेल.' उद्या काही विपरीत घडलं, तर आपण काय केलं याचा लेखी पुरावा बाईंच्या हाती राहतो. नाहीतर चोवीस तासांची जबाबदारी एकटीच्या गळ्यात, आणि चौकशीत दाखवायला कागद नाही!

प्रत्येक नियम असा गोड शब्दांत बसवायचा हट्ट मात्र नको. 'सर्वांशी प्रेमाने वागा' लिहून रॅगिंग थांबत नाही. महाराष्ट्रात १९९९ पासून तो कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा 'रॅगिंग करू नये' असंच स्पष्ट लिहावं. खोलीत कॉइलची शेगडी वापरण्याचंही तेच. तिथे मनाईच हवी, फक्त शेजारी कारण लिहावं: जुन्या वायरिंगवर भार पडून आग लागते.

नवा नियम चालतोय का, हे उशिराची नोंदवही सांगते. महिनोन्‌महिने पान कोरं असेल तर खूश होऊ नका, मुली नोंद टाळत असतील. आणि दर सोमवारी त्याच एसटीचं नाव येत असेल, तर सोमवारची हजेरी साडेसातला घ्या.