बुधवारी सकाळी आठला पेपर

(अमळनेर इथल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

समजा आपल्याच इथल्या एखाद्या शाळेत रविवारी दहावीचा जादा तास चालू आहे आणि सर सांगतात, या आठवड्यात सोमवार ते शनिवार यातल्या एका दिवशी सकाळी आठला टेस्ट घेणार, पण आदल्या रात्री तुम्हाला कळलेलं नसेल की उद्याच आहे म्हणून. मागच्या बाकावरचा हुशार पोरगा म्हणतो, मग शनिवारी होऊच शकत नाही ना भो! शुक्रवारपर्यंत झाली नाही म्हणजे शुक्रवारी रात्रीच कळलं की उद्या आहे, सरप्राईज कुठे राहिलं? शनिवार गेला म्हणजे शेवटचा दिवस शुक्रवार उरला, तोही त्याच हिशोबानं गेला, मग गुरुवार, असं करत करत सोमवारपण उडाला. टेस्ट होणारच नाही म्हणून सगळे निवांत. आणि बुधवारी आठ वाजता सर गठ्ठा घेऊन वर्गात हजर, एकालाही अंदाज नव्हता, म्हणजे सर बोलले ते शब्द न् शब्द खरं झालं.

हे कोडं निघालं दुसऱ्या महायुद्धात, स्वीडनमध्ये. तिथल्या रेडिओवर सांगितलं की पुढच्या आठवड्यात नागरी संरक्षणाची कवायत होईल पण कोणत्या दिवशी ते आधी कळणार नाही, आणि लेनार्ट एकबोम नावाच्या गणितज्ञाला यातली गोची दिसली. छापून आलं 1948 मध्ये, ‘माइंड’ या इंग्लंडच्या तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकात, ओकॉनर यांनी लिहिलं, आणि त्यांचं म्हणणं असं की अशी घोषणा पाळताच येत नाही. पण ती पाळता येते हे 1951 मध्ये स्क्रिव्हन यांनी दाखवलं आणि मला वाटतं खरं कोडं तिथून सुरू होतं. त्या पोराची पायरी चुकली कुठे?

सगळे दिवस काढून टाका, एकच ठेवा. सर म्हणतात, “उद्या टेस्ट आहे, आणि उद्या टेस्ट आहे हे तुम्हाला माहीत नाही.” आता यावर विश्वास ठेवून बघा. पूर्ण ठेवला तर उद्या टेस्ट आहे हे तुम्हाला कळलं, म्हणजे वाक्याचा दुसरा अर्धा भाग खोटा पडला. मग तुम्ही गोंधळता, कशावर विश्वास ठेवावा ते ठरत नाही, म्हणजे टेस्ट आहे हे तुम्हाला माहीत नाहीच, आणि सकाळी टेस्ट होते, दोन्ही भाग खरे! हेच वाक्य शेजारच्या वर्गातल्या पोरांना आरामात माहीत असू शकतं, सरांना तर आहेच, फक्त ज्याला उद्देशून सांगितलं त्यालाच ते माहीत होऊ शकत नाही. यात सर खोटं काहीच बोललेले नाहीत, हे नीट लक्षात घ्या.

आता परत पूर्ण आठवड्यावर या. रविवारी सरांचं म्हणणं पोरांना खरंच माहीत आहे, सर भरवशाचे आहेत, सहा दिवस मोकळे आहेत, काही अडचण नाही. पण समजा शुक्रवार कोराच गेला. शुक्रवारी रात्री सरांच्या घोषणेचं काय उरतं? तेच एका दिवसाचं वाक्य! म्हणजे रविवारी जे पक्कं माहीत होतं ते शुक्रवारी रात्री माहीत राहत नाही, पोरगा काही विसरलेला नसतो तरी, कारण टेस्ट न होता गेलेल्या प्रत्येक दिवसानं भरवसा पोखरलेला असतो. टेस्ट रद्द झाली का, की सर सरप्राईजचं विसरले, की शनिवारी आहेच, काही सांगता येत नाही. आणि सांगता येत नाही म्हणूनच शनिवारची टेस्टसुद्धा सरप्राईज होऊ शकते. पोरानं गृहीत धरलं होतं की आज मला माहीत आहे ते त्या रात्रीही माहीत असेल, आणि मागच्या दिवसाकडे जाताना दरवेळी ते गृहीतक आणखी एक थर चढवतं: गुरुवारी रात्री मला माहीत असेल की शुक्रवारी रात्री मला माहीत असेल... पहिलाच थर टिकत नाही तर वरचे कशावर उभे राहणार?

एका ताईंनी इथे चांगला प्रश्न विचारला, की टेस्ट वेळापत्रकात छापलेलीच असेल, रद्द होऊच शकत नसेल, तर? मग शनिवार खरोखर बाद, शुक्रवारी रात्री सगळ्यांना कळणारच. पण मग तीच अडचण गुरुवारी रात्री येते. दोन दिवस उरलेत, शनिवारी ठेवली तर सरप्राईज नाही, म्हणून शुक्रवारी असणार, पण हे मला कळलं म्हणजे शुक्रवारीही सरप्राईज नाही, म्हणजे आता सरप्राईजच्या शब्दावरच भरवसा ठेवता येत नाही. आणि तो शब्द सोडला की शुक्रवार का शनिवार हे पुन्हा सांगता येत नाही, आणि सर शुक्रवारी आठ वाजता गठ्ठा आणू शकतात.