प्रवेशाआधीचा हिशेब: एकूण खर्च आणि पहिला पगार

पडद्यावर दिसतो आहे तो एका अभ्यासक्रमाच्या माहितीपत्रकातला शुल्काचा तक्ता. सर्वांत वर ठळक अक्षरांत पहिल्या वर्षाचे शिकवणी शुल्क आहे. त्याखाली बारीक अक्षरांत प्रयोगशाळा, ग्रंथालय, परीक्षा, अनामत रक्कम अशा ओळी आहेत आणि अगदी तळाशी एक वाक्य आहे: शुल्कात दरवर्षी वाढ होऊ शकते. प्रवेश घेणारे कुटुंब बहुधा वरचा आकडा वर्षांच्या संख्येने गुणते आणि मिळालेल्या उत्तराला खर्च समजते. तळाचे वाक्य मात्र हिशेबाबाहेर राहते.

हा हिशेब कोणत्याही चलनात करता यावा म्हणून आपण एक सोपे माप घेऊ. एका व्यक्तीच्या साध्या राहण्या-जेवणाचा आणि येण्याजाण्याचा महिन्याचा खर्च १०० धरू आणि बाकीचे सगळे आकडे त्याच मापात मांडू. आता एका विद्यार्थिनीसमोर दोन अभ्यासक्रम आहेत असे समजू. हे आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. आपल्या हिशेबात त्यांच्या जागी आपले आकडे घालायचे आहेत.

पहिला अभ्यासक्रम ४ वर्षांचा असून त्याचे पहिल्या वर्षाचे शुल्क १,००० आहे. वरवर पाहता एकूण शुल्क ४,००० होते, पण दरवर्षी १० टक्के वाढ झाली तर ते १,०००, १,१००, १,२१० आणि १,३३१ असे वाढत जाऊन ४,६४१ वर पोहोचते. ४ वर्षांचा राहणीखर्च ४,८०० होतो, म्हणजे शुल्कापेक्षाही जास्त. पुस्तके, संगणक आणि परीक्षांसाठी ३०० धरू, आणि पदवीनंतर नोकरी मिळेपर्यंतच्या ६ महिन्यांच्या राहण्याचे ६०० धरू. हे शेवटचे ६०० बहुतेक घरांत कोणी धरतच नाही. एकूण खर्च १०,३४१ झाला.

दुसरा अभ्यासक्रम ३ वर्षांचा आहे आणि त्याचे शुल्क ७०० पासून सुरू होते. तेवढीच वाढ धरली तर शुल्क २,३१७, राहणीखर्च ३,६००, इतर खर्च २०० आणि नोकरी शोधण्याच्या काळाचे ६००, असा एकूण खर्च ६,७१७ होतो.

आता पगाराकडे वळू, कारण खरी गफलत तिथेच होते. पहिल्या अभ्यासक्रमाचे माहितीपत्रक सांगते की विद्यार्थ्यांना मिळालेला सरासरी मासिक पगार २५५ आहे. हा आकडा खोटा नाही, तरी तो कसा तयार झाला ते पाहायला हवे. त्या तुकडीत ६० जणांनी प्रवेश घेतला होता. त्यांपैकी ४० जणांना महाविद्यालयातून नोकरी मिळाली. त्यात दोघांना प्रत्येकी १,५००, दहा जणांना २५०, बारा जणांना १९० आणि उरलेल्या सोळा जणांना १५० पगार मिळाला. या ४० जणांची सरासरी २५५ येते खरी, पण ४० पैकी ३८ जणांचा पगार त्या सरासरीपेक्षा कमी आहे. दोन मोठ्या पगारांनी सगळा आकडा वर खेचला आहे.

म्हणून सरासरी बाजूला ठेवून पगार चढत्या क्रमाने मांडावेत आणि मधोमध काय येते ते पाहावे. सांख्यिकीत त्याला मध्यक म्हणतात. नोकरी मिळालेल्या ४० जणांचा मध्यक १९० आहे. पण प्रवेश घेताना आपण त्या ४० जणांतच असू याची खात्री कुणालाच नसते. नापास झालेले, मध्येच सोडून गेलेले आणि नोकरी न मिळालेले २० जण शून्य पगारावर मोजून सगळ्या ६० जणांचा मध्यक काढला, तर तो १५० येतो. काटेकोर वाटला तरी नियोजनासाठी हाच आकडा धरावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या अभ्यासक्रमात कुणाचाही पगार २६० च्या वर गेला नाही, त्यामुळे त्याची जाहिरात फारशी चमकदार नाही. मात्र ६० पैकी ४८ जणांना नोकरी मिळाली आणि तिथे सगळ्या ६० जणांचा मध्यक १६० आहे.

कागदावरचा पगार पूर्ण हातात येत नाही. कर, निवृत्तिनिधी आणि इतर कपातींसाठी दहावा हिस्सा धरला तर १५० चे १३५ उरतात. नोकरीच्या गावीही राहण्याला १०० लागतातच, म्हणजे महिन्याची शिल्लक ३५. (ते गाव महाग असेल तर शिल्लक याहूनही कमी होईल, म्हणून पगाराचा आकडा विचारताना नोकऱ्या कुठे मिळतात हेही विचारावे.)

समजा, दोन्ही अभ्यासक्रमांचे केवळ शुल्क कर्जाने भरले आणि राहणीखर्च घरच्यांनी केला. प्रत्येक वर्षाचे शुल्क वर्षारंभी उचलले, व्याज १० टक्के सरळ दराने लागले आणि पदवीनंतर ६ महिन्यांनी फेड सुरू झाली, तर पहिल्या अभ्यासक्रमाचे ४,६४१ तोपर्यंत ५,९७८ झालेले असतात. शिकण्याच्या काळात हप्ता नसला तरी व्याज चढतच असते. ही रक्कम त्याच दराने १० वर्षांत फेडायची तर महिन्याचा हप्ता ७९ येतो आणि शिल्लक आहे ३५. माहितीपत्रकातला २५५ चा पगार धरला असता तर कपातीनंतर सुमारे १२९ उरले असते आणि हप्ता सहज परवडतो असे वाटले असते. दुसऱ्या अभ्यासक्रमाचे २,३१७ फेड सुरू होताना २,८८२ होतात, हप्ता ३८ पडतो आणि १६० च्या पगारातून शिल्लक राहते ४४. हातात फार काही उरत नाही, पण हप्ता पगारातून भागतो. शिवाय ही विद्यार्थिनी एक वर्ष आधी कमावू लागते.

मध्यक काढायला लागणारे आकडे छापील कागदावर क्वचितच असतात; ते प्रश्न विचारूनच मिळवावे लागतात. किती जणांनी प्रवेश घेतला, किती जण वेळेत उत्तीर्ण झाले, किती जणांना पूर्णवेळ नोकरी मिळाली आणि सर्वांत कमी पगार किती होता, हे चार प्रश्न लेखी विचारावेत. सर्वोच्च पगार सांगितला जातो आणि सर्वांत कमी पगाराचे उत्तर मिळत नाही, तेव्हा सावध व्हावे. त्याहून भरवशाचे म्हणजे दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या, मधल्या गुणांच्या चार-पाच विद्यार्थ्यांशी बोलणे. त्यांना पगार किती, इतकेच विचारू नये. त्यातला कायम भाग किती, कामगिरीवर अवलंबून किती, रुजू होताना एकदाच मिळणारी रक्कम त्यात मोजली आहे का आणि ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार आहे का, हेही विचारावे. नव्या उमेदवारांसाठीच्या नोकरीच्या जाहिराती काही आठवडे पाहिल्या, तर त्यांचे उत्तर पडताळूनही पाहता येते.

या पद्धतीला मर्यादा आहे. वैद्यक, विधी किंवा संशोधनाच्या वाटेवर सुरुवातीची वर्षे कमी मिळकतीची असतात आणि उत्पन्न उशिरा वाढते. तिथे केवळ पहिल्या पगाराशी तुलना केली तर चांगला अभ्यासक्रमही नापास ठरेल. अशा वेळी पाचव्या किंवा सातव्या वर्षी मधल्या व्यक्तीची मिळकत किती असते ते शोधावे. मात्र तोपर्यंतचे हप्ते आणि राहणीखर्च कोण, कशातून भरणार हेही त्याच कागदावर लिहावे, कारण कर्ज देणारी संस्था पाचव्या वर्षाची वाट न पाहता पहिल्या वर्षापासून हप्ता मागते.