गुलछडीची एक जुडी, तीन बरण्या

(दृश्य: ठाणे, जांभळी नाका, सकाळ. ओल्या गोणपाटावर झेंडूचे ढीग, शेवंतीच्या पाट्या, बादल्यांत उभी केलेली गुलछडी.)

ठाणे स्थानकाच्या पश्चिमेला, जांभळी नाक्याच्या बाजारात उजाडता उजाडता जी फुले उतरतात, त्यांतील बहुतेक देवघरासाठी आणि हारांसाठी विकत घेतली जातात. झेंडू किलोवर विकला जातो, सुटी शेवंती पाव किलोच्या मापाने आणि मोगरा वाट्याने. फुलदाणीसाठी फुले घ्यायला येणारी माणसे येथे थोडी, आणि त्यांच्याकरिता वेगळे दुकान असावे अशी अपेक्षाही कोणी करत नाही. तरीही बादलीत उभ्या असलेल्या या लांब काड्या त्यांच्याचसाठी असतात. गुलछडीचे दोन प्रकार बाजारात येतात. एकेरी पाकळ्यांची गुलछडी अधिक सुगंधी असते आणि ती खुडून हारात, वेणीत जाते. दुहेरी पाकळ्यांची, काहीशी गुलाबी छटा असलेली गुलछडी काडीसकट विकली जाते आणि फुलदाणीत हीच घ्यावी.

(दृश्य: चरईत राहणाऱ्या काकू बादलीतून एक काडी उचलून पाहतात.)

"मावशी, ही उमललेली नको. खालची दोन-तीनच फुले उघडलेली असतील, अशी जुडी द्या."

"अहो ताई, त्या कळ्याच आहेत. आज घरात काही शोभा दिसायची नाही."

"आज नको दिसू दे, परवा दिसेल."

या तीन वाक्यांत अर्धा खर्च वाचतो. गुलछडीची काडी खालून वर उमलत जाते. खालची फुले मिटू लागली की वरची उघडतात आणि हा क्रम नीट निगा राखली तर पाच ते सात दिवस चालतो. पूर्ण उमललेली काडी बाजारात देखणी दिसते, पण तिचे निम्मे आयुष्य बादलीतच सरलेले असते. उलट सगळ्याच कळ्या घट्ट, हिरव्या आणि मिटलेल्या असतील तर त्या घरच्या पाण्यावर उमलतीलच असे नाही. म्हणून खालची दोन-तीन फुले उघडलेली आणि त्यांच्या वरच्या कळ्या फुगून पांढऱ्या झालेल्या, ही काडी बरोबर वयाची.

(दृश्य: काडीचे कापलेले टोक, अगदी जवळून.)

ताजेपणा पाहायचा तर फुलाकडे नव्हे, काडीच्या खालच्या टोकाकडे पाहावे. ते फिकट हिरवे आणि कोरडेसे असेल तर काडी नुकतीच आलेली आहे. तपकिरी, बुळबुळीत आणि वास येणारे असेल तर ती कालपासून त्याच पाण्यात उभी आहे. विक्रेते फुलांवर सतत पाणी शिंपडतात, त्यामुळे शिळी फुलेही टवटवीत भासतात. पण पाकळ्यांच्या कडा काचेसारख्या पारदर्शक दिसू लागल्या असतील, किंवा काडी हलकेच झटकली की फूल गळत असेल, तर ती जुडी परत ठेवावी.

भावाचे गणित पंचांगावर चालते. गणपती, गौरी, दसरा आणि दिवाळी या दिवसांत याच काडीसाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजावे लागतात. दिवाळी सरते आणि तुळशीचे लग्न अजून व्हायचे असते, तेव्हा मागणी सहसा ओसरते, कारण लग्नसराईची सजावट अजून सुरू झालेली नसते. आमचे चित्रीकरण याच मधल्या दिवसांतले आहे. काकूंनी दहा काड्यांची गुलछडीची जुडी आणि जांभळ्या ॲस्टरची एक जुडी घेतली, आणि दोन्ही मिळून सव्वाशे रुपयांच्या आत भागले. पानांसाठी त्यांनी पैसे दिले नाहीत. इमारतीच्या आवारातील सुपारी पाम आणि क्रोटन यांची छाटणी माळी करत होता, त्याला विचारून त्यांनी पडलेल्या फांद्यांतून सहा-सात उचलल्या.

(दृश्य: न्हाणीघरातील बादली. पाण्याखाली बुडवलेली काडी, धारदार कटर, टोक कापताना सुटणारे हवेचे बुडबुडे.)

आता हे दृश्य पुन्हा एकदा, सावकाश पाहावे. बाजारातून घरी येईपर्यंतच्या अर्ध्या तासात कापलेल्या टोकातून काडीच्या सूक्ष्म नळ्यांमध्ये हवा शिरते. ती हवा बुचासारखी अडून बसते आणि काडी पाण्यात उभी असूनही पाणी वर चढत नाही. म्हणून काडी पाण्याखाली धरून खालचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा कापून टाकायचा, म्हणजे नव्या टोकातून हवेऐवजी थेट पाणीच आत जाते. काप तिरका द्यावा असे सगळे सांगतात. त्यात चमत्कार काही नाही. सरळ कापलेले टोक बरणीच्या तळाशी सपाट टेकून बंद होते, तिरके तसे होत नाही, इतकेच. स्वयंपाकघरातील कात्री मात्र वापरू नये. गुलछडीची काडी आतून स्पंजासारखी मऊ असते आणि कात्रीच्या दाबाने तिच्या नळ्या चेपल्या जातात.

कापून झाल्यावर काड्या गळ्यापर्यंत पाण्यात बुडतील अशा बादलीत दोन तास सावलीत ठेवल्या. या दोन तासांत मांडणीची घाई करू नये. पाणी पिऊन ताठ झालेली काडी मांडताना वाकत नाही आणि नंतर तिची जागा बदलावी लागत नाही.

(दृश्य: शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन काचेच्या बरण्या, तिसरा दिवस. एकीतले पाणी नितळ, दुसरीतले गढूळ.)

या दोन्ही बरण्यांत एकाच जुडीतील ॲस्टर आहे. डावीकडच्या काड्यांची खालची पाने काढली होती, उजवीकडची तशीच राहू दिली. ॲस्टरची पाने मऊ, लवदार असतात आणि पाण्याखाली ती तिसऱ्या दिवशीच कुजतात. कुजणाऱ्या पानांवर जिवाणू वाढतात, त्यांचा चिकट थर काडीच्या टोकावर बसतो आणि पुन्हा तेच होते: भरल्या बरणीत फुलाची मान खाली पडते. अशा वेळी लोक आणखी पाणी ओततात. खरे तर पाणी कमी नसते, वाट बंद झालेली असते. पाण्याच्या पातळीखाली एकही पान राहू देऊ नये, रोज पाणी पूर्ण बदलावे आणि दर दुसऱ्या दिवशी टोकाचा एक सेंटिमीटर कापून काढावा.

पाण्यात काय घालावे, हा प्रश्न काकूंच्या शेजारणींनी चित्रीकरण चालू असतानाच विचारला. साखरेने गुलछडीच्या वरच्या कळ्या उमलायला मदत होते, हे खरे. पण तीच साखर जिवाणूंनाही आवडते. म्हणून पहिल्या रात्रीपुरते एक लिटर पाण्यात चार छोटे चमचे साखर आणि एक चमचा लिंबाचा रस घालावा, आणि सकाळपासून साधे नळाचे पाणी वापरावे. तांब्याचे नाणे टाकण्याचा सल्ला अजूनही ऐकू येतो. आपल्या खिशातील रुपया आणि दोन रुपये स्टेनलेस पोलादाचे असतात, त्यांच्याकडून तांब्याच्या कामाची अपेक्षा ठेवू नये.

(दृश्य: लोणच्याची रुंद तोंडाची बरणी. तोंडावर पारदर्शक चिकटपट्टीच्या उभ्या-आडव्या पट्ट्या लावणारे हात.)

मांडणीसाठी घेतलेली बरणी वीस सेंटिमीटर उंच आहे. रुंद तोंडाच्या बरणीत काड्या कडेला घरंगळतात आणि मध्ये पोकळी राहते. म्हणून कोरड्या तोंडावर चिकटपट्टीच्या दोन उभ्या आणि दोन आडव्या पट्ट्या लावून चौकटी करायच्या. बाजारात मिळणारा हिरवा स्पंज हेच काम करतो, परंतु तो प्लास्टिकचाच प्रकार आहे, कुजत नाही आणि त्याचा चुरा मोरीतून खाडीपर्यंत जातो.

आधी पाने. पामच्या दोन पाती मागे आणि क्रोटनच्या फांद्या कडेने तिरप्या घातल्या की त्यांच्या दांड्या पाण्याखाली एकमेकींत अडकून दुसरी जाळी तयार करतात. मग गुलछडीची सर्वांत उंच काडी. फुले बरणीच्या दीडपट उंचीपर्यंत वर यावीत, असा जुना अंदाज आहे. म्हणजे वीसच्या बरणीवर तीस सेंटिमीटर, आणि पाण्यातला भाग धरून काडी साधारण अठ्ठेचाळीस सेंटिमीटरची. दुसरी काडी तिच्याहून एक तृतीयांश आखूड, तिसरी आणखी थोडी. उरलेल्या दोन पुढच्या बाजूला, बरणीच्या तोंडावर झुकलेल्या. सर्व काड्या एकाच उंचीवर कापल्या तर मांडणी केरसुणीसारखी दिसते. ॲस्टर शेवटी, आणि तेही विखरून नव्हे. चार-पाच फुले एकाच बाजूला, खालच्या अंगाला एकत्र खोवली की पांढऱ्या काड्यांच्या बुडाशी जांभळा रंग एकवटतो.

दहापैकी पाच काड्या अशा बैठकीच्या खोलीत लागल्या. तीन आखूड करून दाराजवळच्या बाटलीत गेल्या, दोन स्वयंपाकघरात. लहान घरात हे वाटप सोयीचेही ठरते, कारण गुलछडीचा वास रात्री चढतो आणि बंद झोपायच्या खोलीत पाच काड्या अनेकांना सोसत नाहीत. पंख्याच्या थेट झोतात आणि फ्रिजच्या माथ्यावर फुलदाणी ठेवू नये. दोन्हीकडे पाकळ्या वेळेआधी सुकतात.

फुकटच्या फांद्यांबाबत दोन गोष्टी. कण्हेर घरात आणू नये, तिचा प्रत्येक भाग विषारी असतो आणि ज्या पाण्यात ती उभी राहते ते पाणीही. येऊरचा डोंगर राष्ट्रीय उद्यानात येतो, तेथून काहीही तोडायला मनाई आहे.

(दृश्य: चौथा दिवस. तपकिरी झालेली खालची फुले चिमटीने खुडली जातात.)

चौथ्या दिवशी खालची फुले तपकिरी होतात. ती खुडून काडी तेवढीच आखूड करावी आणि उंच बरणीतून मध्यम बरणीत हलवावी. टोकाच्या अगदी लहान कळ्या सहसा उमलत नाहीत, त्या कापून टाकल्या की मधल्या कळ्यांना अधिक वाव मिळतो. ॲस्टर याच सुमारास मान टाकू लागतो. शेवटी उरलेली फुले वितभर काडीसह पाण्याच्या पेल्यात राहतात, आणि सव्वाशे रुपयांतून आठवडा निघतो.

रिकामी झालेली बरणी नुसती विसळून ठेवू नये, कारण मागच्या जुडीचा चिकट थर पुढच्या जुडीच्या पाण्यात उतरतो. भांडी घासण्याच्या साबणाने आणि बाटलीच्या ब्रशने ती आतून घासावी, मग आतल्या काचेवर बोट फिरवून पाहावे. बोट बुळबुळीत सरकले तर पुन्हा घासावी.